शंकूचा कोन काढताना आवाजाचा वेग कुठला धरायचा?

आवाजापेक्षा वेगानं उडणाऱ्या, म्हणजे सुपरसॉनिक विमानामागे आवाजाच्या लाटेचा जो शंकू तयार होतो, त्याबद्दल एकाच धर्तीचे प्रश्न सारखे येत आहेत, म्हणून यावेळी सगळी उत्तरं एकत्र देतो.

विमानाचा वेग आवाजाच्या दुप्पट आहे. उत्तर ३० अंश की ६०? मैत्रिणीशी पैज लागली आहे. (बारावी, उदगीर)

३०. sin θ = c/v, म्हणजे आवाजाचा वेग भागिले विमानाचा वेग, या सूत्रातला कोन शंकूच्या अक्षापासून त्याच्या बाजूपर्यंतचा, म्हणजे अर्धा असतो. टोकाचा पूर्ण कोन विचारला असेल तरच ६०. प्रश्नपत्रिकेत काय विचारलंय ते नीट वाचा, पैज नंतर.

ध्वनीची भिंत फुटते तेव्हा एकदाच धडाका होतो ना? (शेतकरी, माजलगाव)

नाही हो. विमान आवाजाच्या पुढे धावत असेपर्यंत शंकू त्याच्या मागे ओढला जातो. ज्या गावावरून तो सरकतो त्या गावाला तो ऐकू येतो. माजलगावला एकदाच वाजतो, कारण माजलगाव जागचं हलत नाही. मग पुढच्या गावाची पाळी.

आकृतीत मला tan दिसतो, सूत्रात sin का? (विद्यार्थिनी, अंबाजोगाई)

कारण काटकोन तुम्ही चुकीच्या जागी काढलाय. t सेकंदांपूर्वी विमान जिथे होतं, तिथून निघालेला आवाज आज ct त्रिज्येचा गोल झालाय. तेवढ्या वेळात विमान vt पुढे गेलं. विमानापासून त्या गोलाला स्पर्शरेषा काढा. स्पर्शरेषा त्रिज्येला काटकोनात असते, म्हणून कर्ण vt आणि समोरची बाजू ct. t उडाला की sin θ = c/v उरतं. तरी अडलं तर कागद घेऊन तुमच्या सरांपुढे बसा, आकृती पत्रातून शिकवता येत नाही.

क्लासच्या शॉर्टकट शीटवर 'आवाजाचा वेग नेहमी ३४०' असं छापलंय. विमान १२ किलोमीटरवर, वेग सेकंदाला ४४२ मीटर. माझा कोन ५० अंश आला, पुस्तकात ४२ आहे. पुस्तक चुकलं का? (नीटची तयारी, लातूर)

पुस्तक बरोबर आहे. चूक त्या शीटमधली आहे आणि तिचे तुमच्याकडून पैसे घेतलेत, याचा मला जास्त राग येतो. 'नेहमी' हा शब्द छापायला सोपा म्हणून लेकरांच्या डोक्यात ठोकून बसवतात.

आवाजाचा हवेतला वेग तापमानावर ठरतो. उंचीचा परिणाम होतो तोही तापमानातूनच. T केल्विनमध्ये घ्या आणि c = 20.05 √T हे सूत्र वापरा. ३४० हा आकडा १५ अंश सेल्सिअसच्या हवेतला. प्रमाण वातावरणाच्या कोष्टकात १२ किलोमीटरवर उणे ५६.५ अंश असतात, म्हणजे २१६.६५ केल्विन. त्याचं वर्गमूळ १४.७२, आणि वेग येतो सुमारे २९५. आता भागाकार करा: २९५ ÷ ४४२ = ०.६६७, कोन सुमारे ४२ अंश. विमान मॅक १.५ ने, म्हणजे तिथल्या आवाजाच्या दीडपट वेगानं चाललंय. तुम्ही ३४० धरल्यामुळे ते तुमच्या वहीत मॅक १.३ वर आलं. वैमानिकाच्या मॅकमीटरवर १.५ दिसेल, कारण तो त्याच्याभोवतीच्या हवेशी तुलना करतो.

इथे थांबलात तरी गुण मिळतील. पण शंकू जमिनीपर्यंत सरळ येतो असं समजून पुढचं गणित कराल, म्हणून सांगतो. ४२ अंशांचा सरळ शंकू धरला तर विमान डोक्यावरून गेल्यावर १३.४ किलोमीटर पुढे पोचेल तेव्हा धडाका ऐकू येईल, म्हणजे ३० सेकंदांनी. ५० अंश धरले तर १० किलोमीटर, २२ सेकंदांच्या आसपास. खरं उत्तर या दोन्हींच्या मध्ये येतं. खाली हवा उबदार होत जाते, आवाज तिथे वेगानं पळतो, पण विमानाचा वेग तोच. त्यामुळे प्रत्येक उंचीवर c वेगळा आणि कोनही वेगळा: विमानाजवळ ४२, आणि १५ अंशांच्या जमिनीशी ५०. शंकूची बाजू खाली येताना उभी होत जाते.

आता आपल्याकडचा मे महिना घ्या. परभणीत दुपारी ४० अंश, म्हणजे ३१३ केल्विन, आवाज सेकंदाला ३५५ मीटर. वर तेच कोष्टक धरून मॅक १.१५ चं विमान सोडा: १.१५ × २९५ = ३३९. जमिनीजवळच्या आवाजापेक्षा विमानच हळू! ३३९ ÷ ३५५ एकापेक्षा कमी आहे, पण आपल्याला हवा तो ३५५ ÷ ३३९, आणि तो एकाच्या वर जातो. sin एकाच्या वर जात नाही. याचा अर्थ जमिनीपर्यंत पोचायच्या आधीच लाट पूर्ण उभी होते आणि वर वळते. विमान सुपरसॉनिक असूनही खाली धडाका नाही. वारा शांत असेल तर धडाका जमिनीवर यायला इथे विमानाला मॅक १.२ च्या वर जावं लागेल.

आणखी एक. कोष्टक जगाची सरासरी सांगतं. उष्ण कटिबंधात १२ किलोमीटरवरची हवा त्याहून थोडी उबदार असते. खऱ्या विमानाचं गणित करायचं असेल तर त्या दिवसाचं वरच्या हवेचं तापमान हवामान खात्याकडून घ्या. परीक्षेत मात्र प्रश्नात दिलेला आकडाच घ्या, आणि दिला नसेल तर तुमच्या शिक्षकांना विचारा, शीटला नको.

व्हॉट्सॲपवर लढाऊ विमानाभोवती पांढरा शंकू असलेला फोटो आला. कोनमापकानं मोजून मॅक १.३ काढला. बरोबर? (नांदेड)

नाही. तो ढग आहे. विमानाभोवती दाब आणि तापमान एकदम उतरतं, हवेतल्या बाष्पाचे बारीक थेंब होतात आणि ते पांढरे दिसतात. विमान आवाजापेक्षा थोडं हळू असतानाही हे होतं. फोटोवरून मॅक सांगणाऱ्या ॲपला पैसे देऊ नका. खरी लाट दाखवायला हवेची घनता टिपणारं श्लीरेन छायाचित्र लागतं. एर्न्स्ट माख आणि पीटर साल्चर यांनी १८८० च्या दशकात वेगवान गोळीपुढची लाट त्याच तंत्रानं पकडली. त्यातही नाकाशी मोजू नका. तिथे लाट जोरदार असते, कोन सूत्रापेक्षा मोठा येतो, आणि मॅक कमी निघतो. लांब गेल्यावर ती क्षीण होते, तिथे आपलं सूत्र लागू पडतं.

आमच्या गावात रात्री मोठा आवाज झाला, भांडी हलली. लोक म्हणतात वर लढाऊ विमान होतं. कोन काढून विमान कुठे होतं ते सांगाल का? (हिंगोली)

नाही सांगता येणार. कोन काढायला विमानाचा वेग लागतो, तो तुमच्याकडे नाही, आणि विमान होतं हेही कोणी पाहिलेलं नाही. धडाक्याच्या लाटेत पुढची आणि मागची अशी दोन टोकं असतात, त्यामुळे लढाऊ विमानाचा आवाज बहुधा लागोपाठ दोन ठोक्यांसारखा येतो. मात्र नुसत्या कानावर भरवसा ठेवू नका. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला झाला. त्यानंतर आपल्या भागात जमिनीतल्या आवाजाला विमान म्हणून सोडून देणं बरं नाही. आवाजाची वेळ मिनिटासकट, शेजारच्या गावात ऐकू आला का, भिंतीला नवी भेग पडली का, हे लिहून तहसील कार्यालयात आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षात द्या. भूकंपमापकाची नोंद तेच मागवू शकतात. आणि पुढच्या वेळी माझ्याकडे पत्र टाकण्याआधी तिथे फोन करा. पत्र माझ्या हाती पडेपर्यंत आठवडे जातात.