कोल्हापुरी ऑनलाइन विकताना हातात काय उरतं?

"निपाणीजवळच्या गावातून कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन विकायची आहे. जीएसटी नंबर नाही, चालेल का? कमिशन आणि रिटर्न जाऊन हातात काही राहतं का?"

चालतं, पण आपल्या भागात त्यात एक मेख आहे. ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नंबर नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही पोर्टलवर माल विकता येतो. पॅनवरून जीएसटीच्या साइटवर नावनोंदणी क्रमांक घ्यायचा. मात्र विक्री फक्त आपल्याच राज्यात. म्हणजे तुम्ही निपाणीतून बिदरला चप्पल पाठवू शकता, पण तासाभरावरच्या कोल्हापूरला नाही! कंपोझिशन, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांची सोपी जीएसटी योजना, घेतली तरी तेच बंधन. आपलं गिऱ्हाईक मुख्यतः पुणे-मुंबईचं, त्यामुळे मी तरी सरळ नियमित नंबर घेतला.

आता हिशेब. मी अथणीहून जोड आणतो, बेळगावातून पाठवतो. आकडे माझ्या पोर्टलचे आहेत, तुम्ही तुमच्या पोर्टलचं रेट कार्ड बघा. ७९९ रुपयांच्या जोडीवर कमिशन ९६, ठरलेली फी ३०, कुरिअर ७८. झाले २०४. त्यावर १८ टक्के जीएसटी ३७. एकूण २४१ जाऊन ५५८ खात्यात येतात. चपलेवर २५०० रुपयांपर्यंत सध्या ५ टक्के जीएसटी, म्हणजे या जोडीवर ३८. त्यातून फीवरचे ३७ वळते होतात, भरायचा एक रुपया. नंबर नसेल तर हे ३७ गेलेच समजा. टीसीएस-टीडीएस म्हणून चारेक रुपये कापतात, ते नंतर जमेला धरता येतात. जोड ४२० ला आणि खोका-कागद १८ चा, म्हणून उरतात ११९.

रिटर्न आलं की कमिशन परत मिळतं, पण उलट्या कुरिअरचे १३० आणि जीएसटी धरून १५३ जातात, खोकाही वाया जातो. एका रिटर्नला १७१. दहातल्या दोन जोडी परत आल्या तर ६१० रुपये सुटतात. चार आल्या तर ३०. म्हणून मी कमिशनवर डोकं खपवत नाही, रिटर्नवर खपवतो. ग्राहकाने दारातच नाकारलेलं पार्सल वेगळं. त्याचं परतीचं भाडं माझं पोर्टल घेत नाही, फक्त माल पंधरा-वीस दिवस अडकतो.

माझी निम्मी रिटर्न मापाची होती. कोल्हापुरीचा "आठ नंबर" प्रत्येक कारागिराचा वेगळा, आणि बूट आठ नंबरचा घालणारा तोच आकडा दाबतो. आता लिस्टिंगमधल्या दुसऱ्याच फोटोत तळव्यावर टेप ठेवलेली असते, शून्य टाचेच्या कडेला, आकडा अंगठ्याच्या टोकाशी. खाली लिहितो: "कागदावर पाऊल ठेवून टाच ते अंगठा सेंटिमीटरमध्ये मोजा. पट्टा सुरुवातीला घट्ट लागेल, चार-पाच दिवसांत सैल होईल." ही ओळ नव्हती तेव्हा "टाइट आहे" म्हणून चांगली जोड परत यायची. चामडं नसेल तर चामडं लिहू नका, ते रिटर्न हमखास येतं. आणि "कोल्हापुरी" लिहायला बिचकू नका: २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात, म्हणजे जीआयमध्ये, महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर आपला बेळगाव जिल्हाही आहे. मात्र जीआयचा शिक्का वापरायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते.

पॅकिंगमध्ये मी पहिल्याच पावसाळ्यात मार खाल्ला. पाणी लागू नये म्हणून जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड सील केलं. हे चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, ओल धरतं. पिशवीत आठ दिवस राहिलं आणि पट्ट्याच्या वेणीत पांढरी बुरशी. चौदा जोडी परत. आता जोड दोन दिवस सावलीत, पंख्याखाली ठेवतो (उन्हात नको, तळवा वाकतो), कोऱ्या कागदात गुंडाळतो, सिलिका जेलची पुडी टाकून खोक्यात घालतो. प्लॅस्टिक फक्त खोक्याच्या बाहेर, कुरिअरची पिशवी म्हणून.

खोक्याचं मापही बघा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. येणारं वजन खऱ्या वजनाहून जास्त असेल तर भाडं त्याचं. बुटाचा खोका ३३×२४×१२, म्हणजे १.९ किलो, जोड जेमतेम ७०० ग्रॅमची! दोन्ही चपला समोरासमोर, एकीची टाच दुसरीच्या अंगठ्याकडे अशा ठेवल्या की ३०×१३×१० मध्ये बसतात, ०.७८ किलो. वरचे ७८ रुपये या खोक्याचे आहेत.

रिटर्न पार्सल उघडताना लेबल दिसेल असा सलग व्हिडिओ काढा. मला एकदा खोक्यात झिजलेली रबरी स्लीपर आली होती. पाठवतानाचा आणि उघडतानाचा असे दोन्ही व्हिडिओ होते म्हणून क्लेम पास झाला. क्लेमची मुदत थोड्या दिवसांची असते, त्यामुळे आलेली पार्सलं कोपऱ्यात साठवू नका, त्याच दिवशी उघडा.