क्विकसॉर्ट हीपसॉर्टपेक्षा फास्ट का? कॅशचा खरा हिशोब

प्रश्न: दोन्ही O(n log n) आहेत, उलट हीपसॉर्टचा तर वर्स्ट केसही n log n च आहे, मग प्रत्यक्षात क्विकसॉर्टच फास्ट का चालतो? सगळे "तो कॅश फ्रेंडली आहे" एवढंच म्हणतात, पण म्हणजे नक्की काय होतं ते कोणी सांगेल का?

उत्तर:

बिग-ओ मध्ये आपण एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे `a[5]` वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढाच `a[9600042]` वाचायला लागतो. कागदावर ठीक आहे, पण आजच्या प्रोसेसरवर हे अजिबात खरं नाही. डेटा L1 कॅशमध्ये असेल तर चार-पाच सायकलमध्ये हातात येतो, L2 मध्ये असेल तर साधारण बारा-पंधरा, L3 मध्ये चाळीसच्या आसपास किंवा जास्त, आणि थेट रॅममधून आणायचा असेल तर दोनशे-तीनशे सायकल जातात. म्हणजे एकाच "वाचन" क्रियेची किंमत पन्नास पटीने बदलू शकते आणि बिग-ओ ला त्याचा पत्ताच नसतो.

दुसरी गोष्ट, प्रोसेसर रॅममधून एकटा इंटिजर कधीच आणत नाही, पूर्ण कॅश लाइन आणतो. बहुतेक मशीनवर ती ६४ बाइटची असते, म्हणजे ४ बाइटचे १६ इंटिजर एकदम येतात. त्यातले किती तुम्ही वापरता, त्यावर सगळा खेळ आहे.

आता एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत नेऊ. समजा १ कोटी रँडम इंटिजर आहेत, म्हणजे ४० एमबीचा अ‍ॅरे. मशीन साधी धरू: L1 ३२ केबी, L2 १ एमबी, L3 १२ एमबी.

हीपसॉर्टमध्ये आधी हीप बनवतो, तो भाग O(n) मध्ये उरकतो, त्याचं सोडा. खरा वेळ जातो तो नंतरच्या भागात, जिथे दर वेळी सगळ्यात मोठा आकडा वरून काढून शेवटी ठेवतो, शेवटचा आकडा उचलून वर आणतो आणि त्याला खाली सरकवत नेतो:

```c
void sift_down(int *a, int i, int n) {
    int x = a[i];
    while (2*i + 1 < n) {
        int c = 2*i + 1;
        if (c + 1 < n && a[c+1] > a[c]) c++;
        if (a[c] <= x) break;
        a[i] = a[c];
        i = c;
    }
    a[i] = x;
}
```

यातली `i = c` ही ओळ नीट बघा, कारण इथे `i` दर फेरीला जवळपास दुप्पट होतो. १ कोटीच्या हीपला २४ लेव्हल असतात. वरच्या १३ लेव्हलमध्ये मिळून ८१९१ आकडे, ते L1 मध्ये मावतात आणि दर वेळी तिथूनच जावं लागतं म्हणून ते तिथे टिकूनही राहतात. वरच्या १८ लेव्हल L2 मध्ये मावतात. इथपर्यंत हीपसॉर्टला काहीच त्रास नाही, आणि म्हणूनच छोट्या अ‍ॅरेवर तो इतका वाईट दिसत नाही.

त्रास खालच्या सहा लेव्हलचा आहे. समजा खाली येता येता आपण इंडेक्स ३००००० ला पोचलो, तर पुढचा रस्ता असा होऊ शकतो: ६००००१, मग १२००००४, मग २४००००९, मग ४८०००२०, मग ९६०००४२. यातली १२००००४ वरून २४००००९ वरची उडी मेमरीत जवळपास ४.८ एमबीची आहे, त्याच्या पुढची ९.६ एमबीची. प्रत्येक पायरीवर नवीन कॅश लाइन, ज्यात आपल्याला हवे असतात फक्त दोन आकडे (दोन्ही मुलं शेजारी असतात एवढंच नशीब), बाकीचे १४ फुकट आणले. आणि पुढच्या वेळी रस्ता भलत्याच बाजूला जाणार, त्यामुळे ते १४ कामी यायच्या आधीच बहुधा कॅशमधून बाहेर गेलेले असतात. पेजही दर वेळी वेगळं, ४ केबीच्या पेजच्या हिशोबाने ४० एमबी म्हणजे सुमारे दहा हजार पेजेस, तेवढे पत्ते टीएलबी या पत्त्यांच्या छोट्या कॅशमध्ये मावत नाहीत, त्यामुळे पत्ता शोधण्याचा वेळ वेगळाच जातो.

बरं, आकडा मध्येच कुठेतरी थांबेल अशी आशा करावी तर तेही होत नाही. आपण वर आणलेला आकडा हीपच्या अगदी शेवटच्या लेव्हलवरून उचललेला असतो, म्हणजे तो मुळातच लहान असण्याची शक्यता जास्त. तो जवळजवळ दर वेळी तळापर्यंत परत जातो. थोडक्यात १ कोटी वेळा तुम्ही तळाला जाऊन येता आणि प्रत्येक फेरीत L2 चे पाच-सहा मिस. कच्चा हिशोब धरला तरी ५-६ कोटी मिस, त्यातले दोन-तीन पायऱ्यांचे तर L3 लाही चुकवून सरळ रॅमला जाणारे. अर्धे आकडे काढून झाले तरी हीपची उंची फक्त एका लेव्हलने कमी होते, त्यामुळे पुढे पुढे सोपं होईल असंही नाही, ते अगदी शेवटी शेवटीच होतं.

आता क्विकसॉर्ट. पार्टिशन करताना एक पॉइंटर डावीकडून सरकतो, एक उजवीकडून, दोघंही एकेक घर पुढे. एक कॅश लाइन आणली की तिच्यातले सोळाच्या सोळा आकडे वापरले जातात. ४० एमबी म्हणजे ६ लाख २५ हजार कॅश लाइन, एवढ्याच एका पूर्ण फेरीला आणाव्या लागतात. पुढे तुकडे लहान होत जातात, ४० चे साधारण २० आणि २०, मग १०, असं करत पाच-सहा पातळ्यांनंतर (पिव्हट नेहमीच मधोमध पडत नाही, म्हणून सात-आठ धरा) तुकडा १ एमबीच्या आत येतो. आणि इथे रिकर्शनचा खरा फायदा आहे, जो बरेच जण सांगतच नाहीत: क्विकसॉर्ट एक तुकडा हातात घेतला की तो पूर्ण सॉर्ट करूनच दुसऱ्याकडे जातो. म्हणजे एकदा तुकडा L2 मध्ये आला की त्याच्यावरचं उरलेलं सगळं काम, उरलेल्या सगळ्या पातळ्या, कॅशच्या आतच होतात, आणखी लहान झाला की L1 मध्येच. L2 च्या बाहेर जायची वेळ फक्त त्या पहिल्या सात-आठ फेऱ्यांत. ६.२५ लाख गुणिले ८, म्हणजे ५० लाख लाइन. तिकडे ५-६ कोटी, इकडे ५० लाख, दहा पटीचा फरक.

पण नुसता आकडा दहा पट कमी एवढंच नाही, ते ५० लाख मिसही बऱ्यापैकी स्वस्तात पडतात. सरळ रेषेत वाचन चाललंय हे प्रोसेसरमधल्या प्रीफेचरला लगेच कळतं आणि तो पुढच्या लाइन मागायच्या आधीच आणून ठेवतो. हीपसॉर्टमध्ये असं करताच येत नाही, कारण पुढचा पत्ता कोणता हे `a[c+1] > a[c]` ची तुलना झाल्याशिवाय ठरत नाही. आधी दोन्ही मुलं रॅममधून यायला हवीत, मग तुलना, मग पुढचा पत्ता, मग परत वाट बघा. प्रोसेसर फार तर ब्रँच प्रेडिक्टरच्या भरवशावर अंदाज लावून पुढे जाईल, पण डावं की उजवं मूल हे रँडम डेटावर नाणेफेकीसारखंच आहे, अर्ध्या वेळा अंदाज चुकतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, ब्रँच प्रेडिक्शन क्विकसॉर्टचंही चुकतं. पिव्हट जितका चांगला मधोमध तितका "मोठा की लहान" चा अंदाज वाईट. पण तिथे अंदाज चुकला तरी पुढचा डेटा कुठे आहे हे माहीत असतं आणि तो बहुतेक वेळा आलेलाही असतो, त्यामुळे दंड होतो तो पंधरा-वीस सायकलचा, रॅमच्या फेरीचा नाही.

"पण हीपसॉर्ट तुलनाच जास्त करतो, म्हणून स्लो असेल" असंही काही जण म्हणतात. अर्धं खरं आहे. वर दिलेला साधा हीपसॉर्ट दर लेव्हलला दोन तुलना करतो, म्हणजे अंदाजे 2n log₂ n, आणि रँडम पिव्हटचा क्विकसॉर्ट सरासरी 1.39 n log₂ n. पण बॉटम-अप हीपसॉर्ट नावाचा प्रकार आहे, त्यात आधी मोठ्या मुलाच्या मागे सरळ तळाला जायचं आणि मग आपली जागा शोधत थोडं वर यायचं. त्यात तुलना जवळपास n log₂ n वर येतात, क्विकसॉर्टपेक्षा कमी! तरीही मोठ्या अ‍ॅरेवर तो मागेच पडतो, कारण तळापर्यंतच्या उड्या तशाच राहतात. मला वाटतं मेमरीच दोषी आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

स्वतः तपासायचं असेल तर लिनक्सवर दोन्ही प्रोग्राम असे चालवा:

```
perf stat -e cycles,instructions,cache-misses ./heap_test
```

५००० आकडे घ्या (२० केबी, म्हणजे सगळं L1 मध्ये) आणि पुरेसा वेळ मोजता यावा म्हणून तेच अनेक वेळा चालवा, मग १ कोटी घ्या. फक्त एकूण वेळ बघू नका, instructions ला cycles ने भागा. छोट्या अ‍ॅरेवर दोघांमधला फरक मर्यादित दिसेल, मोठ्यावर हीपसॉर्टचा हा भागाकार धाडकन खाली येईल, म्हणजे सूचना तशाच आहेत पण प्रोसेसर बसून वाट बघतोय. C++ मध्ये `std::make_heap` आणि `std::sort_heap` विरुद्ध `std::sort` लावूनही हे दिसतं, वेगळा कोड लिहायची गरज नाही.

आता मर्यादा. आकड्यांऐवजी अ‍ॅरेत पॉइंटर असतील आणि तुलना करायला दर वेळी त्या ऑब्जेक्टकडे जावं लागत असेल, तर पॉइंटरचा अ‍ॅरे सरळ रेषेत वाचूनही ऑब्जेक्ट मेमरीत विखुरलेलेच असतात, मग क्विकसॉर्टचा कॅशचा फायदा बराच विरघळतो. हीपसॉर्टही सुधारता येतो, दोनऐवजी चार मुलांचा हीप केला आणि चारही मुलं एकाच कॅश लाइनमध्ये येतील अशी मांडणी ठेवली तर उंची अर्धी होते, म्हणजे उड्याही अर्ध्या. बराच फरक पडतो, पण शेवटी त्या उड्याच, सरळ वाचन नाही.

आणि क्विकसॉर्टचा n² चा धोका खराच आहे, म्हणून शुद्ध क्विकसॉर्ट सहसा कोणी वापरत नाही. डेव्हिड मुसर यांनी १९९७ मध्ये इंट्रोसॉर्ट मांडला, GCC चं `std::sort` त्याच धर्तीवर आहे: क्विकसॉर्टने सुरुवात, रिकर्शनची खोली 2 log₂ n च्या पुढे गेली की त्या तुकड्यापुरता हीपसॉर्ट, आणि १६ किंवा त्याहून लहान तुकड्यांना इन्सर्शन सॉर्ट. लिनक्स कर्नलच्या `lib/sort.c` मध्ये मात्र मुद्दाम हीपसॉर्टच आहे, कारण तिथे स्टॅक छोटा असतो, आणि कोणी मुद्दाम वाकडा इनपुट देऊन n² घडवून आणणं परवडत नाही.