चार वर्षांची श्रोती, सत्त्याहत्तर वर्षांची गुरू

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मध्ययुगातल्या मुहद्दिसा, म्हणजे हदीस, पैगंबरांची वचनं आणि आठवणी, शिकवणाऱ्या स्त्रिया, हा विषय तू अभ्यासाला घेतलास याचा मला मनापासून आनंद आहे. पत्राच्या शेवटी तू विचारलंस, "इतक्या मोठ्या विद्वानांनी या बायकांकडे जाऊन धडे घेतले, मग मधल्या काळात त्या कुठे गेल्या?" त्या प्रश्नाला हात घालण्याआधी एक हिशोब करून पाहा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

दमास्कसच्या आइशा बिंत मुहम्मद इब्न अब्दुल हादी यांचं उदाहरण घे. जन्म हिजरी ७२३, म्हणजे इ.स. १३२३, मृत्यू हिजरी ८१६, म्हणजे १४१३. लहानपणी त्यांनी अल-हज्जार नावाच्या वृद्धाकडून सहीह बुखारी, म्हणजे इमाम बुखारींचा हदीससंग्रह, ऐकली. तेव्हा त्यांना चौथं वर्ष होतं, असं चरित्रकार सांगतात. अल-हज्जार १३२९ मध्ये वारले, त्यामुळे आइशांचं वय फार तर सहा असू शकतं, त्याहून जास्त नाही. आता मागे जा. अल-हज्जारांनी तो ग्रंथ अल-झबीदींकडून ऐकला, तोही लहानपणी, इ.स. १२३३ च्या सुमारास. अल-झबीदींनी अबुल वक्तांकडून, अबुल वक्तांनी अद-दावूदींकडून, त्यांनी अस-सरख्सींकडून, त्यांनी अल-फिरब्रींकडून आणि फिरब्रींनी खुद्द इमाम बुखारींकडून. बुखारी गेले ८७० मध्ये. त्यांच्या आणि आइशांच्या मृत्यूंत ५४३ वर्षांचं अंतर आहे आणि मधे माणसं आहेत फक्त सहा.

हे कसं जमलं, ते अबुल वक्तांकडे पाहिलं की कळतं. त्यांनी ग्रंथ ऐकला तेव्हा ते सात वर्षांचे होते, आणि पुढे बगदादला म्हातारपणी शिकवला. लहान मुलाने अगदी म्हाताऱ्या माणसाकडून ऐकायचं आणि स्वतः अगदी म्हातारं झाल्यावर पुढे द्यायचं, ही त्या काळाची ठरवून केलेली रीत होती. कारण साखळीत माणसं जितकी कमी, तितकी ती उंच मानली जायची. प्रत्येक कडीला चूक शिरायची एक जागा असते. शिवाय कडी कमी झाली की आपण पैगंबरांच्या एक पाऊल जवळ गेलो, ही श्रद्धाही त्यामागे होती. म्हणून घरातली जाणती माणसं कडेवरच्या मुलांना वाचनाला घेऊन जात आणि त्यांचं नाव नोंदवून घेत.

त्यात मुलींचीही नावं असत. इथेच तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर आहे. आइशांचं घराणं सालिहिय्यातलं. दमास्कसबाहेर कासियून डोंगराच्या उतारावरची ही वस्ती बाराव्या शतकात पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुसच्या बाजूने, क्रुसेडरांच्या राज्यातून निघून आलेल्या हंबली या सुन्नी पंथाच्या कुटुंबांनी वसवली. त्या घरांत हदीस ऐकणं हा रोजच्या जगण्याचा भाग होता, आणि बाप, काका, आजोबा मुलींना तितक्याच अगत्याने नेत. मग मुलगी मोठी होते आणि नोंदींतून जवळजवळ दिसेनाशी होते. तारुण्य, संसार, मधलं वय, यांबद्दल कागद बहुतेक गप्पच असतो. थेट सत्तरीत ती पुन्हा दिसते, आता वाचनाच्या मुख्य जागी बसलेली. म्हणून मधल्या काळात तिने अभ्यास सोडून दिला होता असं लिहू नकोस आणि चालू ठेवला होता असंही लिहू नकोस. त्या वर्षांत तिच्याकडून ऐकायची कुणाला निकड नव्हती, कारण तिच्याच गुरूंकडून ऐकलेली इतर माणसं हयात होती. ती एकेक करून गेली, तसा तिचा मान वाढत गेला.

इब्न हजर अल-अस्कलानी इ.स. १४०० मध्ये कैरोहून दमास्कसला आले, ते अशा वेळी. बुखारीवरचे सर्वांत थोर भाष्यकार म्हणून पुढे ज्यांचं नाव झालं, ते हे. वय अठ्ठावीस. आइशा सत्त्याहत्तरच्या. इब्न हजर तिथे तीनेक महिने राहिले आणि त्यांनी या वस्तीतल्या अनेक वृद्ध स्त्रियांसमोर ग्रंथांमागून ग्रंथ वाचले. ते परतले आणि लगेच तैमूरची फौज शहरावर आली. ती घाई डोळ्यांसमोर आण. साठ-सत्तर वर्षांपूर्वी ऐकलेलं पुढे देऊ शकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती आणि त्यांत बायका कितीतरी होत्या.

आता ज्या गोष्टीची मला तुझ्याबाबतीत काळजी वाटते, ती. ही नावं पाहून उत्साहाच्या भरात या सगळ्यांना एकजात धर्मशास्त्रज्ञ म्हणण्याचा मोह होतो. अल-हज्जार कोण होते, ते आठव. ते गवंडीकाम करणारे, लिहिता-वाचता न येणारे गृहस्थ. म्हातारपणी कुणाला तरी एका जुन्या नोंदीत त्यांचं नाव सापडलं, हे लहानपणी अमक्याच्या वाचनाला हजर होते असं. मग तपास झाला आणि पुढे त्यांच्यासमोर बुखारी सत्तरहून अधिक वेळा वाचली गेली. त्यांच्यासमोर बसून लोकांनी जे घेतलं, ते फतवे नव्हते. घेतली ती साखळी. हदीसचं संक्रमण आणि कायद्याचा अर्थ लावणं ही दोन वेगळी कामं होती. पहिल्यासाठी न्यायाधीशाचं पद लागत नसे, मदरशातली नेमणूक लागत नसे, दूरचे प्रवासही लागत नसत. म्हणूनच त्या दाराने स्त्रिया आत आल्या. काही स्त्रिया दोन्हींत तयार होत्या, पण ते प्रत्येकीच्या चरित्रातून वेगळं सिद्ध करावं लागतं.

तसंच, उलट टोकाला जाऊन या फक्त नावापुरत्या बसवलेल्या म्हाताऱ्या होत्या असंही म्हणू नकोस. मध्य आशियातल्या मर्वच्या करीमा बिंत अहमद यांच्याकडे बघ. त्या मक्केत स्थायिक झाल्या आणि १०७० च्या सुमारास वारल्या, वय शंभरच्या आसपास. त्यांनी बुखारी अल-कुश्मीहनींकडून घेतली होती आणि कुश्मीहनींनी फिरब्रींकडून, म्हणजे त्यांच्या आणि बुखारींच्या मधे दोनच माणसं. बगदादचे नामवंत विद्वान खतीब अल-बगदादी यांनी हजच्या वेळी पाच दिवसांत त्यांच्यासमोर अख्खा ग्रंथ वाचून काढला. पण मला त्याहून मोलाची वाटते ती अन-नर्सी नावाच्या विद्यार्थ्याची आठवण. करीमांनी आपली प्रत बाहेर काढली, तो समोर बसला, त्याने सात पानं उतरवून घेतली. आता मूळ प्रतीशी ताडून बघायचं काम आपलं आपण करू, असं त्याच्या मनात होतं. करीमा म्हणाल्या, नाही, माझ्यासोबतच ताडायचं. तेव्हा त्याने त्यांच्यासमोर बसून ओळ न् ओळ जुळवली. प्रतीत चूक राहिली तर ती पुढे त्यांच्या नावावर फिरणार होती, हे त्या बाईंना पक्कं ठाऊक होतं.

प्रत्यक्ष नोंदी वाचायला बसशील तेव्हा कशाकडे बघायचं, ते सांगतो. हस्तलिखिताच्या शेवटी किंवा समासात दाटीवाटीने लिहिलेली 'समा'ची, म्हणजे श्रवणाची, नोंद असते. तीत ग्रंथ कुणासमोर वाचला गेला, वाचलं कुणी, नावं लिहून घेतली कुणी, हजर कोण, जागा आणि तारीख, एवढं येतं. एखाद्याची बैठक चुकली असेल तर तेही लिहिलेलं असतं. डुलकी लागली हेसुद्धा लिहिल्याची उदाहरणं आहेत. पाच वर्षांखालचं मूल असेल तर बहुधा 'ऐकलं' असं न लिहिता 'हजर होतं' असं लिहीत आणि वय देत. हा फरक तुझ्या टिपणात अजिबात पुसू देऊ नकोस.

याहून वेगळा प्रकार इजाझाचा, म्हणजे न ऐकताही पुढे सांगण्याची दिलेली लेखी परवानगी. झैनब बिंत अल-कमाल (१२४८–१३३९) यांच्याकडे उंटावर लादाव्यात इतक्या इजाझा होत्या, असं म्हटलं जाई. त्यांतल्या काही त्या तान्ह्या असताना बगदादच्या विद्वानांकडून मागवलेल्या, आणि देणाऱ्यांत अजीबा बिंत अल-बाकदारी ही वृद्ध मुहद्दिसाही होती. बगदादची एक म्हातारी आणि दमास्कसचं वर्षाचं तान्हं बाळ, दोघींची गाठ कधीच पडली नाही, तरी साखळी जोडली गेली. तेव्हा कुठे 'अमकीची शिष्या' असं आलं की आधी विचार: ऐकून, हजर राहून की फक्त इजाझाने? झैनब यांनी लग्न केलं नाही, लहानपणी त्यांचे डोळे आले होते, आणि विद्यार्थी दिवसाचा बहुतेक वेळ त्यांच्यासमोर वाचत बसत, तरी त्या कधी वैतागत नसत, अशी त्यांची ख्याती होती.

दोन खाचखळगे लक्षात ठेव. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं, त्यामुळे आइशांची ९३ वर्षं आपल्या मोजणीने ९० होतात. वयं नेहमी एकाच पंचांगात मोज. आणि दमास्कसमध्ये झैनब, आइशा, फातिमा या नावांच्या मुहद्दिसा कितीतरी. बाप आणि आजा यांची नावं जुळल्याशिवाय दोन नोंदी एकीच्या नावावर टाकू नकोस.

तुला आपल्याकडचा धागा हवा होता ना? तो मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याच्या रूपाने आहे. १३२६ मध्ये, बाविसाव्या वर्षी, तो दमास्कसला अल-हज्जारांच्या बुखारीवाचनाला बसला आणि झैनब यांच्याकडूनही त्याने इजाझा घेतली, असं तो आपल्या प्रवासवर्णनात सांगतो. पुढे तो दौलताबादला आला, आणि गोव्याच्या दक्षिणेला होन्नावरला त्याने मुलींच्या तेरा शाळा पाहिल्याचंही लिहिलंय. पण झैनबची परंपरा आपल्या किनाऱ्यावर आली, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. त्याने इथे कुणाला काय शिकवलं, हे समाच्या नोंदीसारख्या कागदावर मिळालं, तरच ते लिही.

सध्या एवढंच कर. आइशांपासून बुखारींपर्यंत प्रत्येक कडीची जन्म-मृत्यूची सालं दोन्ही गणनांत मांड, आणि ऐकतानाचं वय शेजारी लिही. जिथे जन्मसाल मिळत नाही, तिथे रकाना कोरा ठेव. मग तोच तक्ता करीमांसाठी कर आणि दोन्ही मला पाठव.

कळावे.