टाचणातलं 'समजते' आधी खोड

'विद्यार्थ्याला बाष्पीभवन समजते' हे उद्दिष्ट तपासणार कसं? मुलाची कृती दिसेल असं क्रियापद घाल. तासगावचा बेदाणाच घे. शिकण्याच्या सहा पातळ्यांवर उद्दिष्टं अशी होतील:

स्मरण: बाष्पीभवनाची व्याख्या सांगतो.
आकलन: द्राक्षाचा बेदाणा कसा होतो, स्वतःच्या शब्दांत सांगतो.
उपयोजन: ओले कपडे लवकर वाळतील अशी जागा कारणासह निवडतो.

विश्लेषणात ऊन आणि वारा यांचा परिणाम वेगळा काढतो, मूल्यमापनात वाळवणाच्या दोन पद्धतींतली सरस कोणती ते निकष लावून ठरवतो, निर्मितीत स्वतः प्रयोग आखतो. एका तासिकेत दोन-तीनच पातळ्या धर. माझ्या पहिल्या टाचणात सहाही होत्या, घंटा व्याख्येवरच झाली!

नुसत्या क्रियापदाला मात्र भुलू नकोस. बेदाण्याचं कारण तू फळ्यावर लिहून दिलंस आणि मुलांनी तेच म्हणून दाखवलं, तर ते स्मरणच. आकलन बघायचं तर न शिकवलेलं उदाहरण विचार: सांडगे का वाळतात?