जर्मनीतल्या प्राध्यापकांना ईमेल करताना मायना काय लिहावा?

प्रश्न: एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जर्मनीत उन्हाळी इंटर्नशिपसाठी तीन ईमेल करायचे आहेत, इंग्रजीत. एका ठिकाणी ‘प्रोफेसर डॉक्टर आंद्रेआ म्युलर’ असं नाव आहे, दुसरीकडे नुसतंच ‘किम वेबर’ आणि तिसरीकडे फक्त विभागाच्या ऑफिसचा पत्ता. डिअर लिहू, हाय की हॅलो? आणि समोर सर आहेत की मॅडम, हे कळायचं कसं?

उत्तर:

पहिल्या मेलला तिन्हीकडे ‘डिअर’च लिहा.

आपल्याकडच्या मुलांना हा शब्द लिहायला संकोच वाटतो, कारण शाळेत आपण त्याचा अर्थ ‘प्रिय’ असा पाठ केलेला असतो. ओळखदेख नसलेल्या बाईंना ‘प्रिय’ कसं म्हणायचं? मग ‘रिस्पेक्टेड सर’ येतं. पण इंग्रजी पत्रातल्या डिअरमध्ये आता तेवढीच माया उरली आहे, जेवढं प्रेम आपल्या ‘स. न. वि. वि.’मध्ये असतं. तो नुसता मायना आहे. उलट ‘रिस्पेक्टेड’ हा आपल्याकडचा खास प्रकार. तिकडे तो वाचून कोणी रागावत नाही, पण मजकूर कुठल्याशा साच्यातून उचलला आहे असं वाटतं. ‘ग्रीटिंग्ज ऑफ द डे’चंही तेच.

मी जर्मनीत पीएच.डी. केली आणि नंतर दोन वर्षं त्याच ग्रुपमध्ये होते. आमच्या प्राध्यापिकेकडे येणारे इंटर्नशिपचे मेल आधी मी चाळायचे. बाद होणारे मेल बहुधा पहिल्या ओळीतच कळायचे. बाईंना ‘डिअर सर’ लिहिलेलं असायचं. किंवा नुसतं ‘डिअर प्रोफेसर’, पुढे नावच नाही. आणि तिसरा प्रकार सगळ्यात करुण: नाव आहे, पण ते बाकीच्या मजकुरापेक्षा वेगळ्या फॉन्टमध्ये आणि किंचित मोठं. म्हणजे एकच मेल पन्नास जणांना गेलाय आणि नाव तेवढं दर वेळी चिकटवलंय. वेबसाइटवरून नाव कॉपी करणार असाल, तर फॉरमॅटिंग न घेता पेस्ट करा. एवढ्याशा गोष्टीवरून चांगली मुलं मागे पडलेली मी पाहिली आहेत.

आता आंद्रेआ म्युलर. हे नाव जर्मनीत बाईचं असतं, इटलीत मात्र पुरुषाचं. जर्मनीतल्या विद्यापीठात इटालियन माणूस असणं काही नवलाचं नाही, त्यामुळे नावावरून पैज लावू नका. तुमच्या बाबतीत तशी गरजही नाही, कारण ‘प्रोफेसर’ या शब्दाला इंग्रजीत लिंग नाही. ‘डिअर प्रोफेसर म्युलर’ एवढं लिहिलं की सर-मॅडमचा प्रश्नच मिटतो. पदवी असली की ती वापरायची, ती याच सोयीसाठी.

इथे आपली एक सवय आडवी येते. आपण ‘सुनीता मॅडम’, ‘प्रकाश सर’ असं पहिल्या नावाला जोडून म्हणतो, म्हणून हात आपोआप ‘डिअर प्रोफेसर आंद्रेआ’ असं टाइप करतो. जर्मनीत पदवी आडनावालाच लागते. शिवाय पदव्यांची पूर्ण माळ मायन्यात घालायची नाही. त्यांच्या पानावर ‘प्रोफ. डॉ. रेर. नाट.’ असेल, कोणाकडे दोन-दोन डॉक्टरेट असतील, एखादी मानद असेल. ते सगळं पाटीवर शोभतं. मायन्यात फक्त सगळ्यात वरची एकच पदवी येते. प्रोफेसर असतील तर प्रोफेसर, नाहीतर डॉक्टर. (ब्रिटनमध्ये अर्ज कराल तेव्हा उलटी काळजी घ्या. तिथे शिकवणारा प्रत्येक जण प्रोफेसर नसतो. लेक्चरर असेल तर तो ‘डॉक्टर अमुक’. अमेरिकेत मात्र असिस्टंट प्रोफेसरलाही प्रोफेसर म्हटलेलं चालतं.)

आडनाव लिहिताना त्या दोन टिंबांकडे लक्ष द्या. Müller हे नाव कीबोर्डवर जमत नसेल तर Mueller लिहितात. Muller लिहिलं तर ते वेगळंच आडनाव होतं. जोडआडनाव असेल, मध्ये छोटी रेघ असेल, तर दोन्ही भाग लिहायचे. आडनावाआधी ‘फॉन’ किंवा ‘फॉन देर’ असेल तर तेही आडनावाचाच भाग, गाळायचं नाही.

खरी पंचाईत किम वेबरची, कारण पदवी नाही आणि किम हे नाव दोघांचंही असू शकतं. आधी एक छोटी तपासणी करा. विद्यापीठाच्या पानावर वर कोपऱ्यात भाषा बदलायचं बटण असतं, ते दाबून जर्मन पान उघडा. इंग्रजी पानावर नुसतं रिसर्च असोसिएट दिसतं, पण जर्मनमध्ये पदनामालाच लिंग असतं. Mitarbeiter असेल तर पुरुष, Mitarbeiterin असेल तर बाई. प्राध्यापिका असतील तर Professorin. जर्मन न येताही शेवटचं ते ‘इन’ ओळखता येतं, जसं आपल्याला ‘शिक्षक’ आणि ‘शिक्षिका’ यातून कळतं. मात्र पदनामात मध्येच तारा किंवा विसर्गासारखी दोन टिंबं दिसली, तर तिथे मुद्दाम दोन्ही लिंगं एकत्र लिहिलेली असतात, त्यावरून काही ठरवू नका. त्याच पानावर पदवीही सापडू शकते. इंग्रजी पानावर गाळलेलं ‘डॉ.’ जर्मन पानावर असतं, आणि ते सापडलं की तुमचं काम झालंच.

बाई आहेत हे नक्की झालं आणि पदवी नसेल, तर ‘डिअर मिझ वेबर’ लिहा. मिस किंवा मिसेस नको, कारण लग्न झालंय की नाही हे तुम्हाला ठाऊक नाही आणि तिथे त्याचा संबंधही नाही. आपल्याकडे सौ., कु. आणि श्रीमती यांत जो घोळ होतो, कोणाला श्रीमती लिहिलं की ‘मी काय विधवा आहे का’ असं ऐकावं लागतं, तो घोळ टाळायलाच मिझ आहे.

आणि काहीच कळलं नाही तर? पूर्ण नाव लिहा: ‘डिअर किम वेबर’. जरा कोरडं वाटतं, पण चुकीचं नाही, आणि तिकडे हे रोजचं आहे. फोटो पाहून ठरवू नका. एकाच नावाची दोन माणसं असतात आणि सर्च इंजिन नेमका दुसऱ्याचा फोटो दाखवतं.

तिसरा पत्ता ऑफिसचा. ‘टू हूम इट मे कन्सर्न’ लिहू नका. ते दाखल्यावर किंवा शिफारसपत्रावर शोभतं, जिथे कागद कोणाच्या हाती पडेल हे लिहिणाऱ्यालाच माहीत नसतं. तुम्हाला निदान विभाग तरी माहीत आहे. आधी इंटर्नशिपच्या जाहिरातीच्या तळाशी बघा, शंका विचारण्यासाठी तिथे बहुतेक वेळा एक नाव दिलेलं असतं. ते सापडलं तर त्याच नावाने लिहा. दोन नावं असतील तर दोन्ही घ्या, वरच्या पदाचं आधी: ‘डिअर प्रोफेसर म्युलर, डिअर डॉक्टर श्मिट’. कोणीच सापडलं नाही तर ‘डिअर सर ऑर मॅडम’ चालतं. जर्मनमध्ये तर ‘सन्माननीय स्त्री-पुरुषहो’ अशा अर्थाचा मायना आजही सर्रास लिहितात, त्यामुळे त्यांना ते खटकत नाही. मला स्वतःला ‘डिअर इंटर्नशिप टीम’सारखं काही जास्त आवडतं, कारण निदान कोणाशी बोलताय ते त्यात दिसतं. नुसतं ‘डिअर सर’ तेवढं नको.

आता हॅलो आणि हाय. ‘हॅलो प्रोफेसर म्युलर’ हे उद्धट नाही, पण पहिल्या मेलला डिअर असताना धोका कशाला घ्या. हॅलो मला ऑफिसशी दुसऱ्या-तिसऱ्यांदा बोलताना बरं वाटतं: फॉर्म कुठे पाठवू, व्हिसाचं पत्र कधी मिळेल, असल्या मेलला. हाय कधी लिहायचं ते तुम्ही ठरवायचं नसतं, ते समोरून येतं. उत्तराच्या शेवटची सही बघा. ‘आंद्रेआ म्युलर’ अशी पूर्ण सही असेल तर तुम्ही प्रोफेसर म्युलरवरच राहा. खाली फक्त ‘आंद्रेआ’ असेल, तर पुढच्या मेलला ‘डिअर आंद्रेआ’ लिहायला हरकत नाही. त्यांनी तुम्हाला ‘हाय’ लिहिलं की तुम्हीही हाय लिहा. जर्मन माणूस इंग्रजीत पहिल्या नावावर लवकर येतो. पण म्हणून तिथे गेल्यावर त्यांच्याशी जर्मनमध्ये ‘तू’वर येऊ नका. त्यांच्याकडेही आपल्यासारखं तू आणि तुम्ही वेगळं आहे, आणि तू म्हणायची परवानगी वेगळी मिळावी लागते.

मायन्यानंतर स्वल्पविराम आणि पुढची ओळ कॅपिटल अक्षराने. जर्मनमध्ये स्वल्पविरामानंतर छोटं अक्षर घेतात, त्यामुळे त्यांच्या इंग्रजी उत्तरातही पहिली ओळ कधीकधी छोट्या अक्षराने सुरू होते. ती बघून आपली बदलू नका.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत: तुमचं नाव वाचून त्यांनाही हाच प्रश्न पडणार आहे. माझं नाव किरण. मी सीव्हीवर नाव दहावीच्या मार्कशीटवरून जसंच्या तसं उतरवलं होतं, आधी आडनाव, मग माझं, शेवटी वडिलांचं. एका ठिकाणाहून उत्तर आलं, ‘डिअर मिस्टर दत्तात्रय’. माणूस बिचारा सभ्यपणे माझ्या वडिलांना इंटर्नशिप नाकारत होता. तेव्हापासून मी सहीत आधी नाव आणि मग आडनाव लिहिते, वडिलांचं नाव गाळते आणि नावाआधी मिझ लावते. एरवी सहीत स्वतःच्या नावाआधी मिस्टर-मिझ लावत नाहीत, पण अनोळखी देशात पहिल्या मेलला लावलेलं त्यांच्या सोयीचं पडतं. नितीन किंवा तेजस हा मुलगा आहे, हे त्यांना कळायचा दुसरा मार्ग नाही.

यातला एखादा मेल आधीच चुकीच्या मायन्याने गेला असेल, तर माफीचा वेगळा मेल पाठवू नका. त्यांचं उत्तर आलं की पुढच्या वेळी बरोबर मायना लिहा. चूक मोठी असेल, म्हणजे बाईंना सर लिहिलं असेल, तर त्याच उत्तरात सुरुवातीला एक ओळ माफीची पुरते, मग थेट कामाचं.