सल्लागारांच्या अहवालावरचा सीईओंसाठीचा मेमो: सोपं-अवघड कसं ठरवायचं?

प्रश्न: आमच्या कंपनीचा संघटनात्मक आढावा बाहेरच्या सल्लागारांनी केला. अहवाल जाडजूड आहे, शिफारशी २३. त्यावर सीईओंसाठी कव्हरिंग मेमो लिहायचं काम माझ्याकडे आलंय, शिफारशी ‘सोप्या ते अवघड’ अशा लावून. सल्लागारांनी लो-मीडियम-हाय लिहिलेलंच आहे, तेच उचलू का?

उत्तर:

नका उचलू. ते लो-मीडियम-हाय बहुतेक वेळा ‘पुढच्या टप्प्यात आमची टीम तुमच्यासोबत असेल’ हे गृहीत धरून लिहिलेलं असतं. शेवटच्या परिशिष्टात अंमलबजावणीच्या मदतीचा प्रस्ताव जोडलाय का ते बघा. असेल तर त्यांचे तास त्या अंदाजात आहेत, तुमच्या माणसांचे नाहीत.

मी मुंबईतल्या एका कंपनीत एमडींच्या ऑफिसात असे मेमो लिहितो. प्रत्येक शिफारशीला मी दोनच गोष्टी विचारतो. आपली कोणती माणसं किती दिवस अडकणार, आणि कोणाची मंजुरी लागणार? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण अर्ध्या दिवसाचं कामही एका सहीसाठी तीन महिने लटकतं.

समजा, तुमचं हेड ऑफिस अंधेरीला आणि प्लांट तळोज्याला आहे. शिफारस अशी की ५० हजारांपर्यंतची खरेदी प्लांट मॅनेजरनेच मंजूर करावी, अंधेरीच्या सह्या नकोत. सल्लागारांनी लिहिलंय ‘लो’. तासांच्या हिशेबाने ते खरंही आहे. पण खर्चमंजुरीच्या अधिकारांचा तक्ता संचालक मंडळाने मंजूर केलेला असेल, तर बदलही बहुधा मंडळाकडेच न्यावा लागेल. कायद्याने वर्षाला किमान चार बैठका घ्याव्या लागतात, पण दोन बैठकांमध्ये १२० दिवसांपर्यंत अंतर चालतं. ठराव सर्क्युलेशनने, म्हणजे बैठक न घेता संचालकांकडे फिरवून होईल का, हे कंपनी सेक्रेटरींना आधीच विचारा. शिवाय खरेदीच्या सॉफ्टवेअरमधला मंजुरीचा क्रम आणि अंतर्गत ऑडिटची कागदपत्रं बदलावी लागतील ती वेगळीच. म्हणून ही शिफारस ‘सोमवारपासून’ गटात नाही, ‘मंडळाच्या बैठकीनंतर’ या गटात जाते.

तसंच स्टोअर्सचं. दोन स्टोअर्स एकत्र करून शिफ्ट बदला, असं अहवालात एका ओळीत लिहून मोकळे होतात. स्टँडिंग ऑर्डर्समध्ये तशी तरतूद नसेल, तर कामगारांच्या शिफ्ट बदलण्याआधी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि युनियनशी बोलणी त्याच्याही आधी. ‘मीडियम’ कसलं आलंय!

आता खरी मेख. काही शिफारशी दिसायला फुकटच्या असतात, पण दुसऱ्या अवघड शिफारशीवर उभ्या असतात. ‘सोमवारची दोन तासांची आढावा बैठक बंद करा’ हे बघा. एका ईमेलचं काम. पण तळोज्याचा साठा आणि रखडलेल्या ऑर्डरी सेल्सला त्या बैठकीतच कळत असतील, तर ईआरपीचा रोजचा रिपोर्ट सुरू होईपर्यंत ती बंद करता येत नाही. ही शिफारस यादीत वर ठेवलीत, तर सीईओ पहिल्याच आठवड्यात ती उरकतील आणि सेल्सवाले सगळ्यांना फोन करत बसतील. ती ईआरपीच्या शिफारशीखाली, तिलाच जोडून लिहा. हे कळायला अहवाल वाचून भागत नाही. त्या बैठकीला बसणाऱ्या कोणालाही विचारा, ‘उद्यापासून ही नाही झाली तर तुमचं काय अडेल?’

कष्टाच्या क्रमाचा एक तोटाही मेमोत लिहून टाका. वरच्या नऊ शिफारशी झाल्या की ‘२३ पैकी ९ पूर्ण’ असं सुरेख दिसतं, आणि ऑर्डर मात्र पूर्वीइतकीच रखडते. म्हणून प्रत्येक शिफारशीपुढे ‘याने काय सुटतं’ हे एका वाक्यात लिहा. वाक्य सुचलंच नाही तर ती शिफारस शेवटी टाका, सोपी असली तरी.

मेमोची सुरुवात आढावा का केला इथून करू नका, तो सीईओंनीच करवून घेतलाय. पहिल्या परिच्छेदात त्यांनी काय ठरवायचं ते येऊ द्या, साधारण असं (तुमचा बहुधा इंग्रजीत जाईल):

‘आपल्या सहीने लगेच सुरू होतील अशा सहा शिफारशी पहिल्या गटात आहेत, त्यांना मंजुरी हवी. खरेदी-अधिकारांचा बदल पुढच्या मंडळ बैठकीच्या अजेंड्यावर घ्यायचा का, हे या आठवड्यात ठरावं. स्टोअर्स एकत्रीकरणाबाबत सल्लागारांचा अंदाज आम्हाला कमी वाटतो, कारण खाली दिलं आहे.’

सल्लागार काय म्हणतात आणि ‘आम्हाला’ काय वाटतं, हे असं वेगळं दिसलं पाहिजे. प्रत्येक शिफारशीचा अहवालातला मूळ क्रमांकही ठेवा, नाहीतर मीटिंगमध्ये सगळे पानं उलटत बसतात.

आणि पदं कमी करण्याच्या शिफारशी असतील, तर त्या या मेमोत तपशिलाने नकोत. मेमो फॉरवर्ड होतो, आणि ‘पश्चिम विभागाचे डेप्युटी मॅनेजर’ हे पद एकाच माणसाचं असतं. त्या वेगळ्या नोटवर, फक्त सीईओ आणि एचआर प्रमुखांच्या हातात द्या.