कानाच्या पडद्यावर फोड

प्रश्न: खानापूरला असतो. चार दिवस सर्दी-ताप, काल रात्री अचानक कानात असह्य कळ आली. डॉक्टर म्हणाले, पडद्यावर फोड आलेत. हे नेहमीचं कान फुटणं नव्हे का?

नाही. नेहमीच्या संसर्गात पडद्याच्या मागे पू साठतो, पडदा फुगतो, ठणका वाढत जातो. फुटला तर पू येतो आणि दुखणं उतरतं. तुमच्याकडे पाणी पडद्याच्याच थरांमध्ये साठलंय. बाहेरचा थर मज्जातंतूंनी भरलेला, तो ताणला गेला की सुरी खुपसल्यासारखी कळ येते.

निपाणीकडचा एक कॉलेजचा मुलगा आला होता. पहाटे उशीवर लालसर पाण्याचा डाग पाहून पडदा फाटला म्हणून घरचे घाबरले. तपासलं तर फक्त फोड फुटला होता, पडदा शाबूत. गंमत म्हणजे बऱ्याचदा मागे पूही असतो, तेव्हा अँटिबायोटिक लागतं. नुसते फोड असतील तर वेदनाशामक पुरतं. ते डॉक्टरांनी पाहूनच ठरवावं.

मला जास्त काळजी ऐकण्याची. यात कधीकधी आतल्या कानालाही झळ बसते. कमी ऐकू येणं, शिट्टी वाजणं किंवा चक्कर असेल तर लगेच ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्या. कानाच्या पाळीजवळ पुरळ आलं, तोंड वाकडं झालं तर तो नागिणीचा प्रकार असू शकतो, त्याच दिवशी दाखवा. आणि आजीनं कितीही सांगितलं तरी लसणाचं कोमट तेल कानात नको.